भावंड गमावलेल्याचे सांत्वन

प्रौढ माणसाचा भाऊ किंवा बहीण वारली की सांत्वनाला येणाऱ्यांची पावले आधी इतरांकडे वळतात. गेलेली व्यक्ती विवाहित असेल तर पती किंवा पत्नीकडे, मग मुलांकडे, आणि आई-वडील हयात असतील तर त्यांच्याकडे. भावंडाची पाळी शेवटी येते. तेव्हाही त्याच्या वाट्याला बहुधा सूचना येतात : वहिनींना जप, आईला एकटे सोडू नकोस, मुलांच्या शिक्षणाचे बघ. ज्याचा भाऊ गेला त्याच्याशी भाऊ गेल्याबद्दल बोलणारे फारच थोडे असतात. अशा माणसाला काय म्हणावे, काय लिहावे आणि कोणते शब्द टाळावेत, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

शोकाचा क्रम

भावंडाला शेवटी बसवणारा क्रम समाजाच्या अनेक व्यवहारांत आहे. वर्तमानपत्रातील निधनवार्ता पाहावी. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे, भाऊ, बहीण असा परिवार आहे’ या वाक्यात भाऊ आणि बहीण नातवंडांच्याही मागे असतात. 1956च्या हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची पत्नी, मुले आणि आई पहिल्या वर्गातील वारस आहेत. भाऊ-बहीण दुसऱ्या वर्गात येतात. अशौचाच्या परंपरागत नियमांत विवाहित बहीण दुसऱ्या गोत्रात गेलेली मानली जाते, म्हणून भाऊ वारल्यावर तिचे सुतक घरातल्या माणसांपेक्षा कमी दिवसांचे धरतात. तिच्या मृत्यूनंतर माहेरच्या भावाचेही तसेच.

या प्रत्येक नियमाला स्वतःचे कारण आहे. वारसा कायदा मालमत्ता कोणाकडे जावी हे ठरवतो आणि सुतकाचा नियम धार्मिक कर्तव्याची मुदत ठरवतो. कोणाला किती दुःख झाले हे मोजण्यासाठी यांतला एकही नियम केलेला नाही. पण सांत्वनाला निघालेला माणूस नकळत हाच क्रम मनात धरून निघतो, आणि यादीत मागे असलेल्याचे दुःखही लहान असेल असे समजतो.

समाजाने पुरती दखल न घेतलेल्या शोकाची मांडणी अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात केली. कधी नातेच मान्य नसते, कधी झालेली हानी ही हानी मानली जात नाही, तर कधी शोक करणाऱ्याला तो करण्याचा अधिकार आहे असे कोणाला वाटत नाही, अशी कारणे त्यांनी सांगितली. प्रौढ भावंडाची स्थिती यांत थोडी निराळी आहे. त्याचे नाते सर्वांना मान्य असते, तो घरात सर्वांसमोर उभा असतो. फक्त त्याला शोक करणाऱ्यांत न धरता आधार देणाऱ्यांत धरले जाते. मंडपवाल्याशी बोलणे, नातेवाइकांना कळवणे, मृत्यूचा दाखला काढणे, दहाव्याची व्यवस्था पाहणे ही कामे तो करत असतो, म्हणून तो सावरलेला आहे असे पाहणाऱ्याला वाटते.

भावंडाबरोबर काय जाते

योग्य शब्द सुचण्यासाठी या मृत्यूने नेमके काय गेले हे समजले पाहिजे. आई-वडील माणसाला त्याच्या आयुष्याच्या पूर्वार्धात भेटतात, जोडीदार आणि मुले मागाहून येतात. बालपणापासून म्हातारपणापर्यंत सोबत चालू शकणारे नाते भावंडांचेच असते. जुने भाड्याचे घर, वडिलांचा राग, आईने काटकसर करून घेतलेला पहिला पंखा, शाळेत जाताना लागणारा ओढा, या गोष्टी ज्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत असा माणूस भावंडाबरोबर जातो. पाठचा भाऊ किंवा पाठची बहीण गेली तर हे अधिकच खरे असते.

घरातली जागाही बदलते. मधला अचानक सर्वांत मोठा होतो. म्हाताऱ्या आई-वडिलांचा भार दोघांत वाटलेला असतो, तो एकावर येतो. आई-वडिलांच्या पश्चात भावाचे घर हेच बहिणीचे माहेर असते. भाऊ गेला की त्या घरी हक्काने जाण्याचे कारण डळमळते, आणि हे बोलून दाखवणे तिला अवघड वाटते. भावंड हृदयविकाराने किंवा कर्करोगाने गेले असेल तर एकाच रक्ताची म्हणून स्वतःच्या प्रकृतीची भीतीही मागे राहते.

मराठी परंपरेत भावाच्या शोकाला एक ठळक जागा मिळालेली आहे. ज्ञानेश्वरांनी 1296मध्ये आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावरचे अभंग नामदेवांच्या गाथेत आहेत आणि त्यांत निवृत्तिनाथांच्या व्याकुळतेचे वर्णन येते. निवृत्तिनाथ थोरले बंधू होते आणि ज्ञानेश्वरांचे गुरूही होते. ज्ञानाच्या अधिकाराने त्यांनी अविचल राहावे अशी अपेक्षा नामदेवांनी त्यांच्यावर लादली नाही. आई-वडील आधीच गेलेल्या चार भावंडांतील एकाने दुसऱ्याला निरोप देताना होणारे दुःख त्या अभंगांत उघडपणे मांडले आहे. थोरल्या भावाने धीर धरायचा असतो, हा संकेत या आठवणीपुढे टिकत नाही.

नेहमीच्या वाक्यांतील दोष

चुकणारी वाक्ये बहुधा सद्भावनेतूनच येतात. त्यांचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार कर्तव्य सोपवणाऱ्या वाक्यांचा. ‘आता तूच सगळ्यांना धीर द्यायचास’, ‘तू रडलास तर आईने कोणाकडे बघायचे?’, ‘पोरांना आता काकाच बाप.’ ऐकणाऱ्याला यातून एवढेच कळते की त्याला खचायची परवानगी नाही. ही कर्तव्ये त्याला ठाऊक असतात आणि बहुतेक वेळा तो ती पार पाडतही असतो. सांत्वनाच्या पहिल्या भेटीत त्यांची आठवण करून देण्याने काहीच साधत नाही.

दुसरा प्रकार तुलनेचा. ‘आईच्या दुःखापुढे आपले काय’, ‘वहिनींचे तर आयुष्यच उद्ध्वस्त झाले’, ‘निदान मुले मार्गी लागल्यावर गेला.’ एकाचे दुःख मोठे ठरवण्यासाठी दुसऱ्याचे लहान करावे लागत नाही. दीर्घ आजार, मनोविकार किंवा व्यसन असलेल्या भावंडाच्या मृत्यूनंतर ‘तो सुटला आणि तुम्हीही सुटलात’ असे म्हटले जाते. वर्षानुवर्षे ज्याने त्याची औषधे सांभाळली, रात्री शोधून घरी आणले, त्याला सुटकेची भावना कदाचित होतही असेल. पण ती दुसऱ्याच्या तोंडून आली की आरोपासारखी लागते. ती बोलायची की नाही हे त्याचे त्याने ठरवावे.

तिसरा प्रकार चौकशीचा. ‘तुमचे एकमेकांकडे जाणे-येणे होते का?’, ‘वेळेवर दवाखान्यात का नेले नाही?’, ‘शेवटी तुम्ही होता का तिथे?’ पहिला प्रश्न शोकाचा पुरावा मागतो. उरलेले दोन अपराधाची भावना जागवतात, आणि ती भावना भावंडांमध्ये आधीच तीव्र असते. आत्महत्या किंवा अपघात असेल तर ‘कसे झाले’ हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. सांगायचे असेल तर ती व्यक्ती आपणहून सांगते.

पत्राचे एक उदाहरण

लेखी सांत्वनातील चुका आणि त्यांची दुरुस्ती एका कल्पित पण नेहमी घडणाऱ्या प्रसंगावरून दाखवता येईल. ठाण्यात नोकरी करणाऱ्या पन्नाशीतल्या गृहस्थांची थोरली बहीण कोल्हापूरला, सासरी, दोन वर्षांच्या कर्करोगानंतर वारली. घरात तिला सारे अक्का म्हणत. कॉलेजची वर्षे हे गृहस्थ तिच्याकडे राहून शिकले होते. आजारपणात ते दर पंधरवड्याला कोल्हापूरला जात. अंत्यविधी सासरच्यांनी केला आणि भेटायला आलेले लोक तिच्या पतीशी व मुलांशी बोलून गेले. पाचव्या दिवशी गृहस्थ कामावर परतले. त्यांच्या सहकाऱ्याने पत्राचा पहिला मसुदा असा केला :

‘आपल्या भगिनीच्या दुःखद निधनाची वार्ता समजली. ईश्वरेच्छेपुढे कोणाचे काही चालत नाही. त्या दीर्घ आजारातून सुटल्या, यातच समाधान मानायचे. भाऊजींवर आणि मुलांवर मोठा आघात झाला आहे. त्यांना सावरण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. काही मदत लागल्यास जरूर कळवावे.’

या मसुद्यात असभ्य काही नाही. तरीही तो कोणत्याही भावाला, कोणत्याही बहिणीबद्दल पाठवता येईल. मृत व्यक्तीला त्यात नाव नाही. आघात भाऊजींवर आणि मुलांवर झाला आहे, वाचणाऱ्यावर फक्त जबाबदारी आली आहे. समाधान कशात मानायचे हे लिहिणाऱ्यानेच ठरवून टाकले आहे. शेवटच्या वाक्याने मदत मागण्याचे कामही शोक करणाऱ्याकडेच दिले आहे. हेच पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येते :

‘सप्रेम नमस्कार.

अक्का गेल्याचे कळले. तुमची थोरली बहीण गेली, याचे मला फार वाईट वाटते.

कॉलेजात असताना तुम्ही त्यांच्याकडे राहत होता, हे तुमच्याकडून अनेकदा ऐकले आहे. दिवाळीनंतर त्यांनी पाठवलेला चिवड्याचा डबा आपल्या टेबलावर उघडायचा, त्यामुळे न भेटताही त्या आम्हाला ओळखीच्या होत्या. गेली दोन वर्षे तुम्ही रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला जात होता आणि सकाळी परत कामावर येत होता, तेही मी पाहिले आहे.

भाऊजींचे आणि मुलांचे दुःख आहेच. हे पत्र मात्र तुमच्यासाठी आहे.

या महिन्याचे तुमचे दोन्ही अहवाल मी पूर्ण करून देतो. रविवारी संध्याकाळी घरी येईन. नको वाटले तर एका ओळीत कळवा, मला वाईट वाटणार नाही. अक्कांबद्दल बोलावेसे वाटले तर बोलू, नाहीतर नुसते बसू. या पत्राला उत्तर देण्याची गरज नाही.’

दुसरे पत्र थोडे लांब आहे, पण त्याचा गुण लांबीत नाही. पहिल्याच ओळीत गेलेल्या व्यक्तीचे घरातले नाव येते आणि ‘तुमची थोरली बहीण’ या शब्दांनी वाचणाऱ्याचे नाते मान्य होते. दुसऱ्या परिच्छेदात लिहिणाऱ्याला खरोखर ठाऊक असलेल्या गोष्टीच आहेत. त्याने अक्कांच्या स्वभावाची स्तुती केलेली नाही, कारण तो त्यांना भेटलेलाच नव्हता. पंधरवड्याच्या फेऱ्यांचा उल्लेख महत्त्वाचा आहे : आजारपणात भावाने केलेले श्रम सासरच्या घरातल्या गर्दीत कोणाच्या नजरेला येत नाहीत. तिसऱ्या परिच्छेदात इतरांच्या दुःखाला एक वाक्य दिले आहे. ते पूर्ण वगळले असते तर वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखे झाले असते. मात्र त्यानंतर पत्र पुन्हा त्याच्याकडे वळते. शेवटच्या परिच्छेदात मदत ठरलेली आहे, भेटीला नाही म्हणण्याची सोय आहे आणि उत्तराचे ओझे नाही.

मृत व्यक्तीबद्दल काहीच ठाऊक नसेल तर आठवण रचून लिहू नये. अशा वेळी तीन वाक्ये पुरतात : ‘तुमचे भाऊ गेल्याचे कळले. माझी त्यांची भेट झाली नाही, पण तुमच्या बोलण्यात ते नेहमी असत. तुमची आठवण मनात आहे.’ दुसरे वाक्य खरे नसेल तर तेही गाळावे. वडिलकीच्या नात्याने लिहिताना ‘तू’ येईल, सहकाऱ्याला ‘तुम्ही’. पण नेहमी ‘तुम्ही’ म्हणणाऱ्याने या पत्रापुरते ‘आपण’ आणि ‘भगिनी’ यांचा आधार घेऊ नये. भाषा एकाएकी औपचारिक झाली की माणूस दूर गेल्यासारखा वाटतो.

मोबाइलवरील संदेशालाही हेच लागू आहे. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि हात जोडल्याची चित्रे एकामागून एक येतात. ती मृत व्यक्तीला उद्देशून असतात. भावंडाला उद्देशून त्यांत काही नसते. गटात श्रद्धांजली वाहिली तरी भावाला किंवा बहिणीला वेगळा, स्वतंत्र संदेश पाठवावा.

समोरासमोर बोलताना

समाचाराला गेल्यावर बोलणे पत्राहून कमी हवे. विवाहित बहिणीचा भाऊ वारला असेल तर तिच्या सासरच्या गावातले शेजारी पुष्कळदा तिच्याकडे जातच नाहीत, कारण मृत्यू त्या घरात झालेला नसतो. तिथे जाणे हेच पहिले सांत्वन आहे. ‘ताई, तुमचा पाठचा भाऊ गेला. तुम्हाला भेटायलाच आले आहे,’ एवढे म्हणून बसावे. थोड्या वेळाने ‘लहानपणी कसे होते ते?’ असे विचारता येते. हा प्रश्न मृत्यूची चौकशी करत नाही. जी आठवण फक्त भावंडापाशीच असते, तिला तो वाट करून देतो. ती बोलू लागली तर मध्येच आपल्या घरातल्या मृत्यूची हकिकत सुरू करू नये. ती गप्प राहिली तर गप्प राहावे.

अनेक माणसे असलेल्या घरात भावंड चहाचे, सतरंज्यांचे, फोनचे पाहत असते. त्याला क्षणभर बाजूला घेऊन ‘तुझा भाऊ होता. तू कसा आहेस?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. ‘मी ठीक आहे, आईकडे बघा’ असे उत्तर आले तर वाद घालू नये. ‘आईंना भेटतोच. तुझ्यासाठी पुन्हा येईन,’ असे म्हणावे आणि खरोखर पुन्हा यावे.

अबोला असलेल्या नात्यात

शेताचा बांध, वडिलोपार्जित घर, आई-वडिलांना कोणी सांभाळायचे यांवरून भावंडांत अबोला असणे महाराष्ट्राला अनोळखी नाही. असा भाऊ वारला की मागे राहिलेल्याच्या दुःखात राग, पश्चात्ताप आणि समेटाची संधी गेल्याची खंत मिसळते. सांत्वन करणारे इथे दोन टोकांना जातात. काही जण भेटायलाच जात नाहीत, कारण ‘त्यांचे पटत नव्हते’. काही जण ‘किती जीव होता तुमचा एकमेकांवर’ असे बोलतात, आणि ते खोटे असल्याचे दोघांनाही ठाऊक असते.

दोन्ही टाळून सरळ बोलता येते : ‘तुमच्यात काय झाले होते ते मला विचारायचे नाही. तुमचा भाऊ गेला, म्हणून आलो आहे.’ ‘निदान शेवटी जाऊन भेटायला हवे होते’ हे वाक्य कधीही उच्चारू नये. ऐकणारा ते स्वतःशी अनेकदा बोललेला असतो. ‘गेला तो, आता विसरा सगळे’ हेही अकाली आहे. जुना राग अजून शिल्लक असणे आणि डोळ्यांत पाणी येणे, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. ऐकणाऱ्याने दोन्हींना जागा द्यावी आणि न्यायनिवाडा करू नये.

तेराव्यानंतर

तेराव्यानंतर घर ओसरते आणि भावंड आपल्या घरी, आपल्या कामावर परतते. तिथे शोकाची कोणतीही खूण नसते, म्हणून आजूबाजूची माणसे प्रकरण संपले असे धरतात. या काळात एखादी ओळ पाठवणाऱ्याचे शब्द सर्वांत अधिक लक्षात राहतात. त्यासाठी तारखा ठाऊक असाव्यात : गेलेल्याचा वाढदिवस, रक्षाबंधन, भाऊबीज, वर्षश्राद्ध. ‘उद्या भाऊबीज. अण्णांची आठवण येत असेल, म्हणून लिहिले,’ एवढे पुरते. असे लिहिल्याने दुःखाची आठवण करून दिली जाईल ही भीती निराधार आहे. त्या दिवशी बहिणीला भाऊ आठवतोच. आणखी कोणाला तरी तो आठवला, एवढेच तिला नव्याने कळते.

भाऊबीजेला एक वाक्य विशेष टाळावे : ‘मी आहे ना तुमचा भाऊ.’ ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, अशी प्रथा महाराष्ट्रात आहे; भाऊ गमावलेली बहीण तसे करील किंवा त्या दिवशी काहीच करणार नाही, हे तिने ठरवायचे. गेलेल्याच्या जागी स्वतःला बसवणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी ती जागा रिकामी झाली आहे हे मान्य करण्याआधीच ती भरण्याची घाई त्यात असते. तसेच ‘आता तुम्ही दोघेच उरलात’ असेही म्हणू नये. तीन भावंडांतले एक गेले तरी बोलताना ‘तुम्ही तिघे भावंडे’ असेच म्हणावे. किती भावंडे, या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना अशी माणसे अडखळतात. गेलेल्याला मोजणाऱ्या ओळखीच्या माणसामुळे ती अडचण हलकी होते.

शब्दांची मर्यादाही ओळखली पाहिजे. सांत्वनाने शोक संपत नाही आणि तो संपवणे हा त्याचा हेतूही नाही. मात्र कित्येक आठवडे झोप आणि जेवण सुटले, काम पूर्ण थांबले किंवा ‘मलाही त्याच्याकडे जायचे आहे’ असे बोलणे येऊ लागले, तर धीराची वाक्ये पुरत नाहीत. अशा वेळी ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ असे स्पष्टपणे विचारावे, होकार आला तर माणसाला एकटे सोडू नये आणि सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा 14416 या क्रमांकावर फोनवरून उपलब्ध आहे.

समाचाराला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या घरातल्या भावाला किंवा बहिणीला शोधावे. गेलेल्याचे नाव घ्यावे, ‘तुझा भाऊ’, ‘तुमची बहीण’ असे म्हणून त्याचे नाते मान्य करावे, आणि इतरांची काळजी घेण्याची सूचना त्या दिवसापुरती तरी आपल्याजवळच ठेवावी.